चाचण्यांचा उलटा पिरॅमिड सरळ करताना

एखाद्या वेबसाइटवर बसचं तिकीट रद्द करताना आपण जी बटणं दाबतो, ती आपल्या आधी शेकडो वेळा दाबून पाहिलेली असतात. बहुतेक वेळा हे काम माणूस करत नाही. एक प्रोग्रॅम ब्राउझर उघडतो, लॉगिन करतो, पुणे ते कोल्हापूर बस शोधतो, सीट निवडतो, प्रवाशाचं नाव भरतो, खोटे पैसे देतो, मग ‘माझी तिकिटं’ या पानावर जाऊन तेच तिकीट रद्द करतो आणि परताव्याची रक्कम बरोबर दिसते का ते वाचतो. याला यूआय टेस्ट म्हणतात. 2004 मध्ये शिकागोत थॉटवर्क्स या कंपनीत काम करणाऱ्या जेसन हगिन्स यांनी सेलेनियम हे साधन सुरू केलं आणि अशा टेस्ट लिहिणं जगभरच्या टीमना सोपं झालं.

ही टेस्ट बघायला समाधान देते, कारण ती अगदी ग्राहकासारखी वागते. अडचण सुरू होते ती जवळजवळ सगळा टेस्ट-संच अशाच टेस्टनी भरला की. ती अडचण नेमकी किती मोठी असते आणि असा संच न मोडता, न थांबवता, टप्प्याटप्प्याने कसा बदलता येतो, हे एका नमुन्याच्या उदाहरणातून पाहू. बस-तिकिटांची एक वेबसाइट आहे असं धरा. तिच्या संचात 400 यूआय टेस्ट आहेत आणि प्रत्येकीला सरासरी 40 सेकंद लागतात. आतल्या कोडला थेट तपासणाऱ्या टेस्ट जेमतेम 60 आहेत.

400 गुणिले 40 म्हणजे 16,000 सेकंद, म्हणजे जवळपास साडेचार तास. प्रोग्रॅमरने सकाळी अकराला एक ओळ बदलली तर ती बरोबर होती का हे त्याला दुपारी साडेतीनला कळणार. तोवर तो दुसऱ्या कामात शिरलेला असतो. यावर सगळ्यात आधी सुचणारा उपाय म्हणजे मशीन वाढवणं. चार मशीनवर टेस्ट वाटून दिल्या की वेळ तासाभरावर येतो, आणि ते जरूर करावं. पण दुसरी अडचण मशीन वाढवून जात नाही.

यूआय टेस्ट कोडमध्ये चूक नसतानाही कधीकधी फेल होते. पान उशिरा उघडलं, एखादी खिडकी मध्ये आली, आधीच्या टेस्टने डेटा बदलून ठेवला, अशी कारणं असतात. अशा टेस्टला फ्लेकी म्हणतात. आपल्या संचातली प्रत्येक टेस्ट दोनशे वेळांत फक्त एकदा उगाच फेल होते असं माना. ऐकायला हे फारच थोडं वाटतं. पण संपूर्ण संच हिरवा दिसायला चारशेच्या चारशे टेस्ट एकाच वेळी पास व्हाव्या लागतात. 0.995 ला स्वतःशी चारशे वेळा गुणलं की उत्तर येतं सुमारे 0.13. म्हणजे कोड पूर्ण बरोबर असतानाही शंभर रनपैकी साधारण 87 लाल दिसणार. मग टीमला सवय लागते ती ‘पुन्हा चालवा’ हे बटण दाबायची, आणि खरी चूकही त्या सवयीखाली दबून जाते. गूगलसारख्या कंपनीचीही यातून सुटका नाही. तिथले इंजिनियर जॉन मिको यांनी 2016 मध्ये लिहिलं होतं की त्यांच्याकडच्या सुमारे 16 टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा आढळतो.

तिसरा तोटा आकड्यात मांडता येत नाही. यूआय टेस्ट फेल झाली तरी चूक कुठे आहे ते ती सांगत नाही. घरातला दिवा लागत नाही एवढंच कळावं आणि बल्ब गेला, बटण बिघडलं, फ्यूज उडाला की वीजच गेली हे एकेक करून शोधावं लागावं, तसं ते असतं.

पिरॅमिडची कल्पना याच दुखण्यावरची आहे. माइक कोन यांनी 2009 मधल्या ‘सक्सीडिंग विथ अजाइल’ या पुस्तकात ती मांडली. सगळ्यात खाली, रुंद पायावर, युनिट टेस्ट असतात. त्या कोडचा एखादा छोटा भाग एकटा काढून तपासतात आणि मिलिसेकंदांत संपतात. मधल्या थरातल्या टेस्ट स्क्रीनला हात न लावता थेट सर्व्हरशी बोलतात. अगदी वर, टोकाला, मोजक्या यूआय टेस्ट असतात. आपल्या बस-साइटवर हे चित्र उलटं आहे. 2012 मध्ये अलिस्टर स्कॉट यांनी या उलट्या आकाराला आइस्क्रीम कोन म्हटलं आणि ते नाव रूढ झालं.

हा कोन आळसातून तयार होत नाही. पुण्या-मुंबईतल्या, आणि बंगळुरू-हैदराबादमधल्याही, अनेक प्रकल्पांत कोड लिहिणारी टीम वेगळी आणि टेस्टिंगची टीम वेगळी असते. टेस्टरच्या हातात असते ती स्क्रीन आणि एक्सेलमधली टेस्ट केसची लांबलचक यादी. कोड बघायची परवानगी बहुतेक वेळा नसतेच. ‘ऑटोमेशन करा’ असा आदेश येतो तेव्हा ती यादीच ओळीओळीने सेलेनियममध्ये उतरवली जाते, आणि दर महिन्याच्या अहवालात ‘इतक्या केस ऑटोमेट झाल्या’ असा आकडा जातो. समोर फक्त स्क्रीन असलेला माणूस स्क्रीनवरूनच तपासणार. त्यामुळे या दुरुस्तीतलं निम्मं काम तांत्रिक आहे आणि निम्मं डेव्हलपर व टेस्टर यांना एका टेबलावर बसवण्याचं आहे. ते दोघं वेगवेगळ्या मजल्यांवर राहिले तर पुढे सांगितलेली एकही पायरी नीट पडत नाही.

पहिलं काम म्हणजे मोजणं. दोन आठवडे प्रत्येक रनमध्ये प्रत्येक टेस्टला लागलेला वेळ आणि तिचा निकाल साठवायचा. यासाठी वेगळं साधन विकत घ्यावं लागत नाही, कारण बहुतेक टेस्ट-साधनं या दोन्ही गोष्टी अहवालाच्या फाइलमध्ये लिहितातच. ज्या टेस्टने त्याच कोडवर एकदा पास आणि एकदा फेल असा निकाल दिला ती फ्लेकी. तिला बाजूला काढून वेगळ्या रनमध्ये टाकायचं, म्हणजे तिच्यामुळे रिलीज अडणार नाही. मात्र बाजूला काढलेल्या प्रत्येक टेस्टवर दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तारीख हवी. ती नसेल तर टेस्ट तिथे कायमची पडून राहते आणि तिने राखलेला भाग उघडा पडतो.

या नोंदींतून अनपेक्षित गोष्टी दिसतात. आपल्या बस-साइटवर तिकीट रद्द करण्याच्या काही टेस्ट सकाळी पास व्हायच्या आणि दुपारी फेल. दुपारी सर्व्हरवर ताण असतो, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. फेल झालेल्या वेळा तासांप्रमाणे मांडल्यावर दिसलं की फेल होणं बरोबर बारा वाजल्यानंतर सुरू होतं. टेस्ट ‘आत्तापासून बारा तासांनी सुटणारी बस’ तयार करत होती आणि ‘माझी तिकिटं’ हे पान आपणहून फक्त आजचे प्रवास दाखवत होतं. दुपारी बारानंतर ती बस उद्याची होते, त्यामुळे तिकीट पानावर दिसतच नव्हतं. सर्व्हर ठणठणीत होता. वेळेशी खेळणारे नियम स्क्रीनवरून तपासले की असे घोटाळे होतात, आणि तिकीट रद्द करण्याचा सगळा नियमच वेळेवर चालतो.

म्हणून सुरुवात याच भागापासून करू. एकाच वेळी सगळा संच बदलायला घेणं हा फसण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. एक वैशिष्ट्य निवडावं. जिथे टेस्ट सगळ्यात जास्त वेळ खातात, उगाच फेल होतात आणि जिथला कोड अजूनही वरचेवर बदलतो, असं ते असावं. त्याच दिवशी एक नियमही घालावा, की या भागासाठी नवी यूआय टेस्ट फक्त नवा ग्राहक-प्रवास आला तरच लिहायची. वरून भर पडत राहिली तर खालचं काम कधीच दिसणार नाही.

साइटचा नियम असा आहे. बस सुटायला 24 तास किंवा जास्त असतील तर 90 टक्के परतावा, 6 ते 24 तासांच्या मध्ये 50 टक्के आणि 6 तासांपेक्षा कमी असतील तर काही नाही. यावर 36 यूआय टेस्ट आहेत. वेळेचे तीन टप्पे, बसचे तीन प्रकार म्हणजे साधी, एसी आणि स्लीपर, पैसे भरायचे दोन मार्ग म्हणजे कार्ड आणि यूपीआय, आणि पूर्ण तिकीट रद्द की एकाच प्रवाशाचं, हे सगळं गुणलं की 36 होतात. प्रत्येकी 40 सेकंदांनी ही 24 मिनिटं झाली.

कोड हलवण्याआधी एक स्वस्त सुधारणा करून घेता येते. त्या 40 सेकंदांतले निम्म्याहून जास्त सेकंद लॉगिन, शोध, सीट आणि पैसे यांत जातात. रद्द करणं आणि रक्कम वाचणं एवढंच खरं काम आहे. मग तिकीट स्क्रीनवरून काढायची गरज काय? टेस्टने सर्व्हरला थेट विनंती पाठवून तिकीट तयार करावं, लॉगिनची अवस्था जपून ठेवून पुन्हा वापरावी आणि ब्राउझर सरळ ‘माझी तिकिटं’ या पानावर उघडावा. प्लेराइट या साधनात लॉगिन जपण्यासाठी `storageState` नावाची सोयच आहे. जिथे ‘पाच सेकंद थांब’ असं लिहिलेलं असतं तिथे ‘हे बटण दिसेपर्यंत थांब’ असं लिहावं. तपासणीतलं काहीही कमी न होता टेस्टचा वेळ बराच खाली येतो आणि टीमला पुढच्या कामासाठी थोडा श्वास मिळतो.

यानंतरचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि त्यासाठी संगणकही लागत नाही. डेव्हलपर आणि टेस्टर यांनी शेजारी बसून त्या 36 टेस्ट नेमके कोणते प्रश्न विचारतात हे लिहून काढायचं. टेस्टरने बसचे तीन प्रकार घेतले होते, कारण बाहेरून पाहताना नियम प्रकारावर अवलंबून आहे की नाही हे कळत नाही आणि सावध राहणं हे त्याचं कामच आहे. डेव्हलपरने कोड उघडून दाखवलं की रद्द करताना बसचा प्रकार वाचलाच जात नाही. पैसे भरायच्या मार्गाचा टक्क्यांशी संबंध नाही, तो फक्त पैसे कुठे परत जातील ते ठरवतो. यादी आवरत गेली आणि सातच प्रश्न उरले. वेळेवरून टक्का किती? टक्क्यावरून आणि प्रवाशांवरून रक्कम किती? रद्द झालेली सीट पुन्हा विक्रीला येते का? परताव्याची विनंती योग्य मार्गाने जाते का? दोनदा बटण दाबलं तर पैसे दोनदा जातात का? दुसऱ्याचं तिकीट रद्द करता येतं का? आणि माणसाला हे सगळं पानावर खरोखर करता येतं का?

आता प्रत्येक प्रश्नाला एकच गोष्ट विचारायची, की याचं उत्तर सगळ्यात खालच्या कोणत्या थरावर मिळेल? पहिले दोन प्रश्न निव्वळ हिशोबाचे आहेत, त्यांना ना ब्राउझर लागतो ना डेटाबेस. मधले चार सर्व्हर आणि डेटाबेस यांचे आहेत. शेवटचा एकच प्रश्न स्क्रीनचा आहे.

हिशोब खाली उतरवायचा म्हटलं की एक अडसर येतो. परताव्याचा नियम लिहिलेला असतो तो विनंती हाताळणाऱ्या मोठ्या फंक्शनच्या पोटात. तिथेच डेटाबेसमधून तिकीट वाचलं जातं, तिथेच घड्याळ बघितलं जातं, तिथूनच पेमेंट गेटवेला हाक जाते. त्यातला नियम एकटा बाहेर काढून तपासता येत नाही. मायकेल फेदर्स यांनी 2004 मधल्या जुन्या कोडवरच्या आपल्या पुस्तकात अशा ठिकाणी ‘सीम’ शोधायला सांगितलं आहे. सीम म्हणजे बाकीच्या कोडला न छेडता जिथून आतलं वर्तन बदलता किंवा वेगळं काढता येईल अशी जागा. इथे ती सोपी आहे. घड्याळ बघणं बाहेर ठेवायचं आणि ‘किती मिनिटं उरली’ हा आकडा तेवढा आत द्यायचा.

```python
def refund_percent(minutes_left):
    if minutes_left >= 1440:
        return 90
    if minutes_left >= 360:
        return 50
    return 0
```

हा बदल करताना त्या 36 संथ टेस्ट आपला आधार असतात. नियम बाहेर काढायचा, त्या चालवायच्या, सगळ्या हिरव्या असतील तरच पुढे जायचं. जुन्या टेस्ट आधी पुसून मग नव्या लिहायला बसणाऱ्या टीम नेमक्या याच वेळी उघड्यावर पडतात. बाहेर काढलेल्या फंक्शनसाठी आता युनिट टेस्ट लिहिता येते.

```python
@pytest.mark.parametrize("minutes, percent", [
    (2880, 90), (1440, 90), (1439, 50),
    (360, 50), (359, 0), (0, 0),
])
def test_refund_percent(minutes, percent):
    assert refund_percent(minutes) == percent
```

सहा जोड्या, सगळ्या मिळून सेकंदाच्या आत. यातल्या 1440 आणि 1439 या दोन आकड्यांकडे नीट बघा. बरोबर 24 तास उरले असताना काय होतं, हा ग्राहकांच्या तक्रारीचा नेमका मुद्दा आहे. जुन्या यूआय टेस्ट 48, 12 आणि 2 तास घेऊन चालत होत्या. सीमेवरचा मिनिट त्यांना तपासता येणं शक्यच नव्हतं, कारण पान उघडेपर्यंत तो मिनिट निघून जातो. म्हणजे 24 मिनिटं खाणाऱ्या त्या टेस्ट सगळ्यात नाजूक जागी आंधळ्या होत्या. खालच्या थरावर आलं की वेग वाढतो हे सगळे सांगतात. इथे प्रश्नही जास्त अचूक विचारता येतो, हे मला वेगापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

बसच्या प्रकाराचंही इथेच मिटतं. फंक्शनला प्रकार दिलाच जात नाही, म्हणून टक्का त्यावर अवलंबून असूच शकत नाही. रकमेच्या हिशोबासाठी असंच दुसरं छोटं फंक्शन काढायचं. तिथे तीन प्रवाशांपैकी एकाचं तिकीट, 525 रुपयांचे 50 टक्के, पैशांतली पूर्णांक रक्कम अशा जोड्या घालायच्या.

मधल्या थरावर एपीआय टेस्ट येतात. टेस्ट ब्राउझर न उघडता सर्व्हरला ‘हे तिकीट रद्द कर’ अशी विनंती पाठवते आणि मग डेटाबेसमध्ये काय झालं ते पाहते. इथे डेटाबेस खराच वापरावा, म्हणजे साइट ज्यावर चालते तोच, कंटेनरमध्ये चालवलेला. हलका, मेमरीतला पर्याय घेतला तर लॉक आणि व्यवहार यांचं वर्तन वेगळं निघतं आणि टेस्ट खोटा दिलासा देते. पेमेंट गेटवेच्या जागी मात्र त्याचं सोंग घेणारा छोटा सर्व्हर ठेवायचा आणि त्याच्याकडे कोणती विनंती आली ते नोंदवायचं. ‘दोनदा बटण दाबलं तर’ हा प्रश्न इथे खऱ्या अर्थाने तपासता येतो. एकाच तिकिटासाठी दोन विनंत्या एकाच वेळी सोडायच्या आणि गेटवेकडे एकच परतावा गेला का ते मोजायचं. आपल्या चार प्रश्नांना अशा सहा टेस्ट पुरल्या आणि त्या काही सेकंदांत संपतात.

नव्या टेस्ट हिरव्या झाल्या म्हणून त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवू नये. कधीच फेल न होणारी टेस्टही हिरवीच दिसते. म्हणून जुन्या टेस्ट काढण्याआधी कोड मुद्दाम बिघडवून पाहायचा. `>=` च्या जागी `>` लिहिलं, तर 1440 ची जोडी लाल झाली आणि त्या 36 यूआय टेस्ट हिरव्याच राहिल्या. सीट मोकळी करणारी ओळ पुसली, तर एपीआय टेस्ट लाल झाली. रद्द करण्याचं बटण पानावरून लपवलं, तर खालच्या सगळ्या हिरव्या राहिल्या आणि फक्त यूआय टेस्ट लाल झाली. ती शिल्लक का ठेवायची त्याचं कारण हेच. असं बिघडवणं आपोआप करणारी साधनंही आहेत, पायथनसाठी म्यूटमट आणि जावासाठी पिट. पण सुरुवातीला हाताने केलेले तीन-चार बिघाड पुष्कळ शिकवतात.

आपल्या उदाहरणात चौथ्या बिघाडाने एक जुनं दुखणं उघडं केलं. सर्व्हरवर 90 च्या जागी 80 लिहिल्यावर युनिट टेस्ट अपेक्षेप्रमाणे लाल झाली, पण पानावरच्या ‘नक्की रद्द करायचं?’ या खिडकीत आकडा 90 टक्क्यांचाच राहिला. परताव्याचा नियम दोन ठिकाणी लिहिलेला होता, एकदा सर्व्हरवर आणि एकदा पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये. उद्या धोरण बदललं असतं तर ग्राहकाला दाखवली गेली असती एक रक्कम आणि खात्यात आली असती दुसरी. यावर आणखी टेस्ट लिहिणं हा उपाय नव्हे. पानाने स्वतः हिशोब न करता सर्व्हरकडून रक्कम मागून घ्यावी, एवढंच करायचं. टेस्ट खाली उतरवताना कोडची रचनाही सुधारते ती अशी.

जुना आणि नवा संच दोन आठवडे बरोबर चालू द्यावेत. त्या काळात जुनी टेस्ट फेल झाली आणि नवीन पास झाली, तर फ्लेकीपणा होता की एखादा प्रश्न यादीतून सुटला हे शोधावं. मग 34 टेस्ट खरोखर पुसून टाकाव्यात. नुसत्या बंद करून ठेवू नयेत. आपल्या उदाहरणात दोन यूआय टेस्ट उरल्या. एक पूर्ण तिकीट सुरुवातीपासून शेवटपर्यंत रद्द करते, दुसरी तीन प्रवाशांतल्या एकाचं. 24 मिनिटांचं काम दीड मिनिटावर आलं आणि सीमेवरचे मिनिटही राखले गेले. पुसायच्या वेळी हात थरथरतो हे खरं आहे. पण जुन्या टेस्ट ‘असू देत’ म्हणून ठेवल्या तर संच संथही राहतो आणि आता सांभाळायला दुप्पट होतो.

इथे एक धोक्याची जागा सांगितली पाहिजे. रेझरपेसारख्या गेटवेला रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत द्यावी लागते. 450 रुपयांसाठी 45000 पाठवायचे असतात. आपल्या कोडने चुकून 450 पाठवले, तर ग्राहकाला साडेचार रुपये परत जातील. हिशोबाची युनिट टेस्ट हिरवी राहील. एपीआय टेस्टमधलं सोंग आपणच लिहिलेलं आहे, आणि ते लिहिणाऱ्याचाही तोच गैरसमज असेल तर तेही निमूटपणे 450 स्वीकारेल. दोन भाग आपापल्या जागी बरोबर आणि त्यांच्यातला सांधा चुकीचा, ही पिरॅमिडच्या खालच्या थरांची खरी मर्यादा आहे. म्हणून सोंग लिहिताना गेटवेच्या अधिकृत कागदपत्रांतले नमुने जसेच्या तसे वापरावेत, आणि मोजक्या टेस्ट रोज रात्री गेटवेने दिलेल्या चाचणी-खात्यावर खऱ्या नेटवर्कवरून चालवाव्यात. दोन्ही बाजू आपल्याच टीमच्या असतील तर पॅक्टसारखं साधन वापरून दोघांतला करार लिहून ठेवता येतो आणि तो दोन्हीकडून तपासला जातो.

दुसरी चूक उलट्या टोकाची असते. युनिट टेस्ट वाढवायच्या म्हणून प्रत्येक छोट्या फंक्शनभोवती खोट्या वस्तूंचं कुंपण घातलं जातं आणि ‘याने त्याला हाक मारली का’ एवढंच तपासलं जातं. ओळखायची खूण सोपी आहे. एखाद्या आतल्या फंक्शनचं नाव बदललं किंवा दोन फंक्शनांचं एक केलं, साइटचं वर्तन जराही बदललं नाही, तरी पन्नास टेस्ट लाल झाल्या, तर त्या टेस्ट कोडच्या रचनेला चिकटल्या आहेत. मग प्रोग्रॅमर रचना सुधारायलाच घाबरतो. अशा टेस्टने पाया रुंद दिसतो, मजबूत होत नाही.

आकाराचं वेडही नको. गूगलच्या टेस्टिंग ब्लॉगने 2015 मध्ये 70 टक्के युनिट, 20 टक्के मधल्या आणि 10 टक्के वरच्या टेस्ट असं प्रमाण सुचवलं होतं, पण तो पहिला अंदाज आहे असं तिथेच म्हटलं होतं. ज्या साइटमध्ये हिशोब जवळजवळ नाही, नुसता डेटा इकडून तिकडे जातो, तिथे मधला थरच सगळ्यात जाड असणं स्वाभाविक आहे. स्पॉटिफायच्या इंजिनियरांनी 2018 मध्ये आपल्या लहान लहान सेवांसाठी तसंच मांडलं होतं. प्रमाणापेक्षा तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावं. कोड पाठवल्यापासून उत्तर मिळेपर्यंत किती वेळ लागतो, कोडमध्ये चूक नसताना किती रन लाल होतात आणि ग्राहकापर्यंत किती चुका पोचतात. पहिल्या दोन गोष्टी खाली आल्या आणि तिसरी वाढली, तर कुठला तरी प्रश्न उतरवताना वाटेत सांडला आहे.

एक भाग झाला की दुसरा घ्यायचा. सीट निवडणं, मग सवलती, मग लॉगिन. यूआय टेस्टने एखादी खरी चूक पकडली तर ती दुरुस्त करण्याआधी तीच चूक पकडणारी खालच्या थरावरची टेस्ट लिहायची, म्हणजे रोजच्या कामातूनही संच खाली सरकत राहतो. वर्षानुवर्षं न बदललेल्या, निमूट पास होणाऱ्या भागांच्या टेस्टना हात लावायची घाई नको. त्या शेवटी घेतल्या किंवा घेतल्याच नाहीत तरी चालतं. 400 च्या 40 यूआय टेस्ट होतील तेव्हा तीच दोनशेत एकची फ्लेकी शक्यता धरूनही शंभरपैकी साधारण 82 रन पहिल्या फटक्यात हिरवे दिसतील आणि चार मशीनवर ते सात मिनिटांत संपतील.

प्रकल्प चालवणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. ‘या महिन्यात किती केस ऑटोमेट झाल्या’ हा रकाना अहवालातून काढून टाका. तो असेपर्यंत 34 टेस्ट पुसणारा टेस्टर कागदावर मागे पडलेला दिसेल आणि कोणीही त्या पुसणार नाही. त्या जागी ‘कोड पाठवल्यापासून किती मिनिटांत खात्रीचं उत्तर मिळतं’ हा आकडा लिहा, आणि टेस्टरला कोड वाचायची परवानगी द्या.